देवनागरीत ड्रॉप कॅप: काही महिने वापरून झाल्यावर

आमच्या ऑनलाइन नियतकालिकात दीर्घ लेखांच्या सुरुवातीला तीन ओळी उंचीचं मोठं अक्षर, म्हणजे ड्रॉप कॅप, घ्यायला लागून आता बरेच महिने झाले. दिसायला ते छानच आहे, पण देवनागरीत ते फुकट मिळत नाही. तक्रारी दोनच प्रकारच्या येतात: एक तर अक्षर शेजारच्या ओळींवर चढतं, नाहीतर त्याच्याभोवती वेडीवाकडी मोकळी जागा राहते. दोन्हींचं मूळ एकच आहे. अक्षराची आपल्याला दिसणारी उंची आणि ब्राउझर त्याच्यासाठी राखून ठेवतो त्या चौकटीची उंची या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आमच्या मजकुराचेच आकडे घेऊ. अक्षर २० पिक्सेल, ओळीची उंची १.६ पट म्हणजे ३२ पिक्सेल. आमच्या फॉन्टमध्ये शिरोरेषेच्या वरच्या कडेपासून तळरेषेपर्यंतचं अंतर अक्षराच्या मापाच्या ०.६५ पट आहे, म्हणजे साध्या मजकुरात १३ पिक्सेल. मोठ्या अक्षराची शिरोरेषा पहिल्या ओळीच्या शिरोरेषेला आणि पाय तिसऱ्या ओळीच्या तळरेषेला टेकवायचा, तर उंची हवी ३२ + ३२ + १३ = ७७ पिक्सेल. त्याला ०.६५ ने भागलं की फॉन्टचं माप साधारण ११८ पिक्सेल येतं. इथपर्यंत सगळं सरळ आहे.

गोची होते ती `line-height` वारशाने येते तिथे. मूळ मजकुराला ती नुसती 1.6 दिली असेल, तर मोठं अक्षरही १.६ पट चौकट मागतं: ११८ च्या १.६ पट म्हणजे जवळपास १८९ पिक्सेल. त्यात सहा ओळी आत सरकतात आणि अक्षर मधेच लटकून वरखाली पोकळी राहते. तीच उंची 32px किंवा 1.6em अशी लिहिली असेल तर उलटा प्रकार. वारशाने ३२ पिक्सेलच येतात, चौकट एकाच ओळीची होते, मोठं अक्षर वर शीर्षकाकडे घुसतं आणि दुसरी ओळ थेट त्याच्या पोटातून जाते. म्हणून लक्षण पाहूनच निदान करता येतं: पोकळी असेल तर एकक नसलेला आकडा, अक्षर ओळींवर चढत असेल तर एकक असलेला. खात्री करायची तर अक्षराला `background: pink` द्यायचं. गुलाबी चौकट दिसली की वाद मिटतो.

चौथ्या ओळीचं दुखणं याहून बारीक आहे. ज्या ओळीचा माथा चौकटीच्या तळाच्या वर आहे, ती प्रत्येक ओळ आत सरकते. आमच्या तीन ओळी ९६ पिक्सेलमध्ये संपतात. चौकट, वरखालची मार्जिन धरून, ९७ झाली की चौथी ओळही सरकते आणि अक्षराखाली एक ओळ पोकळी उरते. एका पिक्सेलची किंमत अख्खी ओळ! अक्षर जरा खाली आणायला कुणीतरी वरची मार्जिन वाढवतं आणि नेमकं हेच होतं. त्यामुळे चौकट आधी आखूड करायची आणि मगच ढकलायची:

```css
.pahile-akshar {
  float: left;
  font-size: 5.9em;
  line-height: 0.65;
  margin: 0.14em 0.07em 0 0;
}
```

इथे चौकट ७७ ची, वरची मार्जिन साडेसोळाची, एकूण सुमारे ९३. म्हणजे ९६ च्या आत, थोडी ऐस ठेवून. ०.६५ आणि ०.१४ हे आमच्या फॉन्टचे आकडे आहेत. तुमच्या फॉन्टमध्ये १०० पिक्सेलचा ‘म’ लिहून मोजा आणि आपले काढा.

वर `::first-letter` न वापरता वेगळा क्लास का, हे विचारलं जातं. कारण सीएसएसच्या नियमानेच ब्राउझरला सवलत दिली आहे, की `::first-letter` ची उंची-रुंदी त्याने अक्षराच्या आकारावरून ठरवावी. फायरफॉक्स ती सवलत घेतो आणि अक्षराला घट्ट बसणारी चौकट आखतो, क्रोम आपली `line-height` पाळतो. तेच आकडे, दोन निकाल. शिवाय वाक्य अवतरणचिन्हाने सुरू झालं की `::first-letter` ते चिन्हही फुगवतं. पहिलं अक्षर `span` मध्ये घातलं की दोन्ही कटकटी संपतात. मात्र ते अख्खं घालायला हवं: ‘श्री’ पूर्ण, ‘स्त्री’ पूर्ण, नाहीतर पाय मोडलेला ‘श्’ मोठा आणि ‘री’ बारीक अशी फजिती होते. युनिकोडने देवनागरी जोडाक्षर एकत्र धरण्याचा नियम २०२३ मध्ये १५.१ व्या आवृत्तीत घेतला, पण जुने ब्राउझर आणि जुन्या स्क्रिप्ट अजून त्याला तोडतात. आम्ही हे काम संपादकाच्या हातीच ठेवलं आहे.

आता `initial-letter: 3` बद्दल. हे एका ओळीत सगळं करून देतं, चौकटीचं गणितही तेच सांभाळतं. क्रोममध्ये ते ११० व्या आवृत्तीपासून आहे, सफारीत त्याआधीपासून `-webkit-` लावून, फायरफॉक्समध्ये नाही. रोमन लिपीत निकाल सुरेख येतो. आपल्याकडे अडतं, कारण माप इंग्रजी मोठ्या अक्षराच्या उंचीवरून काढलं जातं, शिरोरेषेवरून नाही. फॉन्टमधली ती उंची ०.७ धरली, तर अक्षर १११ पिक्सेलचं होतं आणि त्याची शिरोरेषा पहिल्या ओळीच्या शिरोरेषेपेक्षा साडेचार पिक्सेल खाली बसते. साडेचार पिक्सेल ऐकायला काहीच नाही, पण दोन आडव्या रेषा शेजारी असल्या की डोळा तिथेच अडखळतो. शिरोरेषेवरून अक्षर लटकवायची सोय सीएसएसच्या मसुद्यात `initial-letter-align` नावाने लिहिलेली आहे. मी तरी अजून तिच्यावर विसंबत नाही.

कुठल्याच पद्धतीने पूर्ण न सुटलेला प्रश्न उकाराचा. ‘म’, ‘न’, ‘या’ यांना काही त्रास नाही. पण लेख ‘कुणी’ने सुरू झाला, तर ११८ पिक्सेलच्या ‘कु’चा उकार तळरेषेखाली पाव मापाइतका, म्हणजे तीसेक पिक्सेल जातो आणि चौथ्या ओळीच्या शिरोरेषेला छेदतो. चौकट निर्दोष असूनही. अशा अक्षरांसाठी आम्ही एक जादा क्लास ठेवला आहे. तो खाली थोडं `padding` देऊन चौथी ओळही आत घेतो. थोडी पोकळी दिसते, पण ओळ कापण्यापेक्षा ती बरी. वरच्या मात्रा आणि वेलांट्यांचं सोपं आहे: शीर्षक आणि परिच्छेद यांत तेवढंच अंतर ठेवलं की ‘को’ किंवा ‘की’ कुणाला टोचत नाही. पहिला परिच्छेद तीन ओळींपेक्षा छोटा असेल तर मात्र ड्रॉप कॅप घेतच नाही, कारण अक्षर पुढच्या परिच्छेदात उतरतं.

फोनच्या अरुंद पडद्यावर तीन ओळींचं अक्षर ओळीचा मोठा घास घेतं, उरलेल्या जागेत दोन-तीन शब्द मावतात. तिथे आम्ही दोन ओळींवर आलो: ३२ + १३ = ४५, भागिले ०.६५, म्हणजे ६९ पिक्सेल. वरची मार्जिन तिथे वेगळी मोजावी लागली, ०.१४ तशीच ठेवली तर अक्षर तळरेषेच्या तीनेक पिक्सेल वर राहतं.