जुनी कोॲक्स वायर ठेवावी की सगळं आयपी करावं: आमच्या सोसायटीचा एक पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

आमची बिल्डिंग डोंबिवलीत, तळमजला अधिक चार, सोळा फ्लॅट, एक गेट, मागे छोटं पार्किंग. जुने आठ ॲनालॉग सीसीटीव्ही कॅमेरे होते, त्यात माणूस दिसायचा पण कोण ते कळायचं नाही. गेल्या दिवाळीनंतर अपग्रेड केलं, आता पावसाळाही होऊन गेला, त्यामुळे बऱ्यापैकी खात्रीने लिहू शकतो. कमिटीत खरेदीचं काम माझ्याकडे होतं, कोटेशन मी घेतली आणि बसवताना रोज उभा होतो.

कोटेशन दोन प्रकारची आली. एक पूर्ण आयपीचं, म्हणजे आठ 4 मेगापिक्सेल नेटवर्क कॅमेरे, त्यांचा रेकॉर्डर एनव्हीआर, केबलमधूनच कॅमेऱ्याला वीज देणारा पीओई स्विच आणि सगळीकडे नवीन कॅट सिक्स नेटवर्क केबल, ते पंचाहत्तर हजारांच्या आसपास. दुसरं ॲनालॉग कॅमेऱ्यांची जुनीच कोॲक्स वायर ठेवून त्यावर चालणारे नवीन एचडी कॅमेरे आणि त्यांचा रेकॉर्डर म्हणजे नवीन डीव्हीआर, ते जवळपास निम्म्यात. बहुतेक लोक इथे फक्त कॅमेऱ्याच्या किमती बघतात, पण आमच्या कोटेशनमध्ये खरा फरक केबल आणि मजुरीत होता. जिन्यातली वायर भिंतीच्या आतल्या पाईपमधून गेलीय आणि त्या पाईपमध्ये केबल टीव्हीच्या, इंटरकॉमच्या मेलेल्या वायरी इतक्या कोंबल्यात की नवीन कॅट सिक्स ओढली जाईना. मग बाहेरून केसिंग पट्टी मारायची, तीही नुकत्याच रंगवलेल्या जिन्यात, हे कोणालाच नको होतं.

म्हणून पहिलं काम केलं ते म्हणजे जुनी वायर तपासली. आपल्याकडे बहुतेक बिल्डिंगमध्ये थ्री प्लस वन केबल असते, एक बारीक कोॲक्स आणि सोबत पॉवरच्या तीन तारा. टेक्निशियनला सांगून एक नवीन 2 मेगापिक्सेल एचडी कॅमेरा सगळ्यात लांबच्या पॉइंटला, म्हणजे मागच्या पार्किंगला, तात्पुरता लावला आणि पूर्ण रात्र चालू ठेवला. हे तुम्हीही कराच, दिवसा पाच मिनिटं बघून काही कळत नाही. वायर कमजोर असेल तर आधी रंग फिके पडतात आणि बारीक डिटेल जातात, कारण रंग आणि बारकावे सिग्नलच्या वरच्या फ्रिक्वेन्सीत असतात आणि खराब वायर तेच आधी खाते. आमचं चित्र फिकं आलं, शोधल्यावर दुसऱ्या मजल्यावर वायर नुसती पिळून टेप मारलेली सापडली. ते कापून दोन्ही टोकांना कोॲक्सचे नवीन बीएनसी कनेक्टर लावून जोडलं आणि रंग परत आले. वायर स्वतः ठीक होती, जॉइंट खराब होता.

पण रात्री दुसरंच सुरू झालं. अंधार पडला की मागचा कॅमेरा बंद चालू बंद चालू, स्क्रीनवर video loss. टेक्निशियन म्हणाला कॅमेरा खराब असेल, बदलून देतो. आमचे खजिनदार काका निवृत्त इलेक्ट्रिकल सुपरवायझर, ते म्हणाले थांब रे, आधी मीटर लाव. कॅमेऱ्यांना वीज देणाऱ्या एसएमपीएसला 12.2 व्होल्ट, कॅमेऱ्याच्या पिनवर दिवसा 11.5, आणि रात्री इन्फ्रारेड दिवे लागल्यावर 9.9. दिवे लागले की कॅमेरा साधारण तिप्पट करंट ओढतो आणि चाळीस मीटर जायच्या-यायच्या बारीक तारेत व्होल्टेज पडतं, की कॅमेरा रिस्टार्ट, दिवे बंद, व्होल्टेज वर, परत चालू, असं चक्र. काकांनी तिसरी रिकामी तार प्लसला जोडून दिली आणि एसएमपीएसवरचा छोटा स्क्रू फिरवून आउटपुट 12.8 केलं. रात्री कॅमेऱ्यावर 11.1 मिळायला लागले, तेव्हापासून तो एकदाही बंद पडलेला नाही. स्क्रू याहून वर नेऊ नका, जवळच्या कॅमेऱ्यांना तेच व्होल्टेज जवळपास पूर्ण मिळतं. तुमच्याकडे फक्त रात्री कॅमेरा जात असेल तर नवीन घेण्याआधी हे मोजून घ्याच. आयपीत हा त्रास जवळपास नाही, पीओईमध्ये 48 व्होल्टच्या आसपास जातं त्यामुळे तेवढ्याच तारेत नुकसान खूप कमी, फक्त केबल शंभर मीटरच्या आत हवी आणि शुद्ध तांब्याची हवी, ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्तातली केबल कोटेशनमध्ये हळूच घुसवतात.

आता गेट. गेटवर आम्हाला गाडीचा नंबर वाचता यायला हवा होता आणि इथे आम्ही आयपी घेतला, पण कारण नीट समजून घ्या. आधी तोच 2 मेगापिक्सेल कोॲक्सवाला कॅमेरा 3.6 एमएम लेन्सने गेटवर लावून बघितला. सहा मीटरवर त्याला जवळपास दहा मीटर रुंदी दिसत होती, आडवे पिक्सेल 1920, म्हणजे एका मीटरला एकशेनव्वदच्या आसपास. अनोळखी माणूस ओळखायला मीटरमागे 250 पिक्सेल धरतात, म्हणजे तसंही कमीच. त्यात जुना डीव्हीआर रेकॉर्ड करत होता 1080N मध्ये, आणि हा आकडा कोणी सांगत नाही. 1080N म्हणजे उंची 1080 च पण रुंदी अर्धी, 960 च्या आसपास, नंतर ताणून दाखवतात. लाइव्ह बघताना चित्र चकाचक दिसतं आणि रेकॉर्डिंगमध्ये नंबर प्लेट पांढरी पट्टी. म्हणून डीव्हीआर घेताना दुकानदाराला विचारा की सगळ्या चॅनेलवर पूर्ण 1080p रेकॉर्ड होतं का आणि किती फ्रेमने, आणि पैसे द्यायच्या आधी मेनूत जाऊन स्वतः बघा.

मग तिथे 6 एमएम लेन्सवाला लावला, रुंदी साडेपाच मीटरवर आली आणि तेवढ्याच 1920 पिक्सेलमध्ये मीटरमागे साडेतीनशेच्या आसपास मिळाले. म्हणजे नंबर दिसण्याचं अर्ध्याहून जास्त काम लेन्सने केलं, आयपी की कोॲक्स हा प्रश्न नंतरचा. दिवसा तर कोॲक्सवाल्यातही प्लेट स्वच्छ वाचता येत होती.

आयपीची गरज रात्री पडली. रात्री कॅमेरा उजेड मिळवायला शटर सावकाश करतो, सेकंदाचा पंचविसावा भाग वगैरे. गाडी ताशी पंधराच्या वेगाने आली तरी तेवढ्या वेळात सोळा-सतरा सेंटिमीटर पुढे जाते, मग अक्षरं पुसली जाणारच. शटर 1/500 वर बांधलं की ते सरकणं एका सेंटिमीटरच्या आत येतं. आमच्या कोॲक्सवाल्या मॉडेलच्या मेनूत शटर असं बांधता येत नव्हतं, आयपीवाल्यात आलं, शिवाय त्याचे 4 मेगापिक्सेल. प्लेट स्वतः उजेड परत फेकते त्यामुळे बाकी चित्र काळं झालं तरी नंबर उठून दिसतो. पण मग त्या कॅमेऱ्यात रात्री माणसाचा चेहरा दिसत नाही, म्हणून गेटवर माणसांसाठी दुसरा आयपी कॅमेरा वेगळ्या कोनात लावला. एकाच कॅमेऱ्यात दोन्ही होईल असं कोणी सांगत असेल तर त्याला रात्री अकराला बोलवा आणि दाखवायला सांगा. एप्रिलमध्ये पहाटे एक टेम्पो गेटचा खांब वाकवून निघून गेला, तेव्हा नंबर पहिल्या फटक्यात वाचला, भरपाईही मिळाली.

तर शेवटी झालं असं, सहा कॅमेरे जुन्या कोॲक्सवर, दोन आयपी गेटवर, आणि दोन्हींसाठी एकच रेकॉर्डर. याला दुकानात एक्सव्हीआर म्हणतात, बीएनसीचे आठ चॅनेल आणि वर काही आयपी चॅनेल जोडता येतात, किती ते मॉडेलप्रमाणे बदलतं ते आधी विचारा. एकूण खर्च बेचाळीस हजारांच्या आसपास आला. स्टोरेजचा हिशोब पण सांगतो. कोॲक्सवाले H.265 कॉम्प्रेशनवर प्रत्येकी 2 एमबीपीएस, आयपीवाले 4, मिळून 20 एमबीपीएस, म्हणजे दिवसाला सव्वादोनशे जीबीच्या जरा आत. 4 टीबीत साधारण अठरा दिवस. आठही आयपी 4 वर ठेवले असते तर अकराच दिवस मिळाले असते, आणि आमच्याकडे लोक गावाला पंधरा दिवस जाऊन आल्यावर तक्रार घेऊन येतात.

आयपीचे त्रासही सांगायला हवेत. इंटरनेटवाल्याने जूनमध्ये राउटर बदलून दिला आणि गेटचे दोन्ही कॅमेरे रेकॉर्डरवरून गायब, कोॲक्सचे सहा मस्त चालू. बसवणाऱ्याने कॅमेऱ्यांचे आयपी पत्ते राउटरकडून आपोआप घ्यायला ठेवले होते, नवीन राउटरने नवीन पत्ते दिले आणि रेकॉर्डर जुन्याच पत्त्यावर शोधत बसला. ओळखायला सोपं आहे, लॅपटॉप त्याच स्विचला लावून बघा:

```
ping 192.168.1.64
```

इथे तुमच्या कॅमेऱ्याचा जुना पत्ता टाका, लॅपटॉपचा पत्ताही त्याच मालिकेतला हवा. उत्तर येत नसेल आणि स्विचवर त्या पोर्टचा दिवा चालू असेल तर बहुतेक पत्ताच बदललाय. आम्ही कॅमेरे आणि रेकॉर्डर दोन्हींना कायमचे पत्ते दिले आणि ते एकाच स्विचवर ठेवले, आता राउटर बंद पडला तरी रेकॉर्डिंग चालूच राहतं, फक्त मोबाईलवर दिसत नाही. सोबत पासवर्ड पण बदलून घेतला, बसवणाऱ्याने ठेवलेला तसाच होता.

जुलैत गेटचा एक कॅमेरा गेला, खोलून बघितलं तर नेटवर्क केबलचा आरजे पंचेचाळीसचा जोड उघडाच भिंतीला लटकवलेला आणि पिना हिरव्या पडलेल्या. नवीन कनेक्टर, जंक्शन बॉक्स, आणि वायर बॉक्समध्ये खालून वळसा घेऊन आत. पावसात बीएनसीही तसाच गंजतो, त्यामुळे बाहेरच्या प्रत्येक कॅमेऱ्याला बॉक्स हवाच. आणि पीओई स्विच इन्व्हर्टरवर घ्या, आमच्याकडे आधी फक्त रेकॉर्डर घेतला होता, लाईट गेली की रेकॉर्डर चालू आणि गेट काळं.

नवीन बिल्डिंग असेल किंवा भिंती उघडणारच असतील तर मी आज डोळे झाकून सगळीकडे कॅट सिक्स टाकायला सांगेन. आमच्याकडे पुढच्या वर्षी मागच्या बाजूचं प्लास्टर निघतंय, ठेकेदाराला आत्ताच सांगून ठेवलंय की पार्किंगपर्यंत इंचाचा रिकामा पाईप आणि आत ओढायची दोरी टाकून ठेवा, कॅमेरा नंतर कधीही लावू.