केरळी मुंडू कोकणात : गणपती ते शिमगा वापरून आलेला अनुभव

गणपतीच्या आधी कसवू काठाचं डबल मुंडू घेतलं. आरती, भजन, दिवाळी, गावची जत्रा, शेवटी शिमग्याची पालखी, सगळीकडे नेसून झालं. काकांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "मेल्या, सोनेरी काठाची लुंगी खंय गावली तुका?" कापडाबद्दल तक्रार नाही. खरा प्रश्न वर काय घालायचं हा आहे.

डबल मुंडू साधारण चार मीटर लांब असतं. ते दुमडून दोन मीटर होतं आणि कमरेभोवती जवळजवळ दोन फेरे बसतात. पन्हा सुमारे १२७ सेंटीमीटर. माझी उंची १६५. कमरेपासून घोट्यापर्यंत मला ९७ सेंटीमीटर पुरतात. म्हणजे वरचे ३० आत दुमडावे लागतात, आणि तेवढ्या पट्ट्यात कापडाचे चारऐवजी आठ थर होतात. स्लिम फिट शर्ट नेमका तिथेच अडकतो, बटणं ताणतात आणि पोट नसलेल्यालाही पोट येतं. उंच माणसाला हा त्रास कमी.

गुडघ्याखाली येणारा कुर्ता तर नकोच. धोतराला निऱ्या आणि काष्टा असतो, पाय वेगळे दिसतात, त्यामुळे वर लांब सदरा शोभतो. मुंडू मात्र सरळ खाली उतरतं. त्यावर लांब कुर्ता आला की खाली वीतभर पांढरं उरतं आणि माणूस बुटका दिसतो. पालखीला गुडघ्यापर्यंत दुमडून घेतलं की हे आणखी खटकतं.

मला जमलं ते असं : नेहमीचा शर्ट पँटमध्ये खोचायचा म्हणून लांब असतो. शिंप्याकडून तो दोन इंच कमी करून घेतला, खालची गोलाई काढून कड सरळ केली आणि बाजूंना दोन इंचांचे काप ठेवले. कमरेच्या घडीखाली चार बोटं शर्ट आला की पुरे. आरशासमोर दोन्ही हात वर करून बघा. पोट दिसलं तर अर्धा इंच वाढवा, कारण आरतीत टाळ्या वाजवताना हात खाली राहत नाहीत.

रंगाचंही बघा. कसवू मुंडू सायीच्या रंगाचं असतं. त्यावर निळ दिलेला शुभ्र शर्ट घातला की मुंडूच मळकं वाटतं. मी गडद हिरवा आणि मरून सुती शर्ट वापरतो. जरीचा काठ खाली आहे, तेव्हा शर्टावर भरतकाम नको.

भाद्रपदातल्या दमट हवेत खळ दुपारपर्यंत टिकत नाही. सिंगल भिजलं की आरपार दिसतं, म्हणून पावसात डबलच. भजनाला मांडी घालून बसायचं असेल तर आत हाफ पँट हवीच, शर्ट कितीही लांब असला तरी.