विमानतळावरचा फलक आणि नौपाड्यातलं दुकान

भाचीने विमानतळावरच्या चलन-बदल काउंटरचा फोटो पाठवला. ‘मामा, कमिशन शून्य लिहिलंय. इथेच 500 डॉलर घेऊ?’

फलकावर डॉलरसमोर दोन आकडे होते: ‘वुई बाय’ 78.50, ‘वुई सेल’ 91.20. गोंधळ इथेच होतो. हे शब्द दुकानदाराच्या बाजूचे आहेत. आपल्याला डॉलर हवेत, म्हणजे तो विकणार; आपला भाव 91.20. त्या दिवशी बाजारातला मधला भाव साधारण 85 होता. प्रत्येक डॉलरमागे 6 रुपये 20 पैसे जास्त, म्हणजे सात टक्क्यांहून अधिक. कमिशन ते हेच, फक्त भावात मुरवलेलं. 500 डॉलरचे झाले 45,600.

ठाण्याच्या नौपाड्यातल्या परवानाधारक दुकानात मी आदल्याच दिवशी विचारलं होतं. भाव 86.10, वर सेवाशुल्क 150 वेगळं. शुल्क दिसतं म्हणून माणूस बिचकतो, पण हिशेब होतो 43,200. जीएसटी दोन्हीकडे लागतो, फरक नगण्य. म्हणजे 2,400 रुपये वाचले असते!

ठाण्यात मात्र पासपोर्ट, व्हिसा, तिकीट घेऊन दुकानाच्या वेळेत जावं लागतं. रात्रीच्या विमानाआधी आठवण झाली, तर काउंटरच उरतो. म्हणून तिला म्हटलं, ‘टॅक्सीपुरते 50 घे, बाकी फॉरेक्स कार्डवर आहेत ना? आणि उरलेले डॉलर परत येताना या काउंटरवर मोडू नकोस, 78.50 नेच घेतील. घरी आण.’