घरचा तंदूर: कोळशाचा घ्यावा की गॅसचा?

गच्चीवर किंवा अंगणात ठेवायला पत्र्याच्या ड्रममध्ये बसवलेला मातीचा तंदूर घ्यायचा ठरला की पहिला प्रश्न इंधनाचा येतो. माती दोन्हीकडे तीच, कणीक आणि मॅरिनेशनही तेच. बहुतेक जण 'कोळशाची चव' म्हणून कोळशाकडे वळतात. माझ्या मते चवीपेक्षा भिंत कशी तापते, हे बघून निवड करावी.

तो धुरकट वास बराचसा मांसातून, मसाल्यातून ठिबकणारी चरबी आणि दही तापलेल्या पृष्ठभागावर जळतात त्याचा असतो. नीट पेटून पांढरी राख चढलेला कोळसा स्वतः फार धूर करत नाही. गॅसच्या तंदुरात बर्नरवर लोखंडी झाकण असेल आणि ते चांगलं तापलं असेल, तर त्यावर थेंब जळून तसाच वास बराचसा मिळतो.

खरा फरक सळईवर दिसतो. निखारे खालून थेट धग फेकतात, त्यामुळे चिकन टिक्क्याच्या कडा करपतात आणि आतला रस टिकतो. मध्यम तुकड्यांना पहिल्या फेरीत ६-७ मिनिटं पुरतात. मग सळई बाहेर काढून ४-५ मिनिटं टांगून ठेवायची, जादा मसाला गळू द्यायचा, लोणी फिरवायचं आणि पुन्हा २-३ मिनिटं आत सोडायची. मधली विश्रांती गाळली तर बाहेरून काळं, आतून कच्चं असं होतं. पनीरला एकूण ४-५ मिनिटं बस. सळई चौकोनी घ्या, गोल सळईवर तुकडे गरगर फिरतात. टोकाला बटाट्याची जाड चकती लावली की माल खाली घसरत नाही. गॅसवरही हेच वेळापत्रक चालतं, फक्त कडा थोड्या उशिरा रंगतात. दुसऱ्या फेरीला मिनिटभर जास्त द्यावं लागतं.

नानचं गणित उलटं आहे. नानची पाठ भिंतीवर शिजते आणि तोंड आतल्या धगीवर, म्हणून दोन्ही बाजू पाहिल्या की तंदूर कुठे चुकतोय ते कळतं. पाठ पांढरी आणि तोंडावर काळे फोड, म्हणजे आग जोरात आहे पण भिंत अजून मुरलेली नाही. गॅसवर हे हमखास होतं, कारण ज्योत लगेच मोठी होते आणि माणूस घाई करतो. पाठ काळी, तोंड कच्चं असेल तर निखारे बसलेत. नान लावताच सुटून पडला तर भिंत थंड आहे, किंवा पाठीला कोरडं पीठ राहिलंय. पीठ झटकून, पाठीला ओला हात फिरवून, नान लावायच्या कापडी गादीवर ताणून तो भिंतीवर दाबायचा. चांगल्या भिंतीवर तो ६० ते ९० सेकंदांत होतो.

कोळशाच्या तंदुरात भिंत तयार झाल्याची खूण सोपी आहे: आधी काजळीने काळी पडते, मग काजळी जळून पुन्हा फिकट होते. मध्यम आकाराला याला साधारण दीड-दोन तास लागतात. गॅसवर एवढी काजळी नसते. तिथे इन्फ्रारेड थर्मामीटरने भिंतीचा मधला पट्टा बघावा, २५०-३०० अंशांच्या आसपास आला की सुरुवात करावी.

आठ माणसं, १ किलो टिक्का आणि १६ नान असं जेवण धरा. साडेआठला ताटं वाढायची तर कोळसा सहाला पेटवायचा. पावणेआठला टिक्क्याची पहिली फेरी, सळया टांगलेल्या असताना खालची हवेची खिडकी निम्मी लावून निखारे पसरायचे. दुसरी फेरी झाली की नान, एकावेळी चार. इथे कोळसा अडतो: प्रत्येक ओला नान आपल्या जागेची उष्णता खेचून घेतो, आणि चौथ्या फेरीला भिंत मंदावते. ताजा कोळसा टाकला तर ठिणग्या उडतात आणि धग काही वेळ उतरते. त्यासाठी बाजूच्या शेगडीत पेटलेले निखारे तयार ठेवावे लागतात. गॅसवर दोन फेऱ्यांच्या मध्ये बर्नर मोठा करून दोन मिनिटं थांबलं की भिंत सावरते. हात आत घालताना मात्र ज्योत लहान करायलाच हवी.

म्हणून माझं मत असं. घरात मुख्य मागणी टिक्का, तंगडी, सीख कबाब अशी असेल आणि मोकळं अंगण असेल तर कोळशाचा घ्या. पाहुणे जमले की नान आणि रोट्यांचा ढीग लागत असेल तर गॅसचा. गॅसचा घेताना तो घरगुती सिलिंडरच्या नेहमीच्या रेग्युलेटरवर चालतो का, आणि बर्नरवरचं झाकण काढून चरबी साफ करता येते का, हे दुकानातच पाहा. मुंबईत २०२५ मध्ये महापालिकेने हॉटेलांना कोळशाच्या भट्ट्या बदलायच्या नोटिसा दिल्या होत्या. त्या व्यवसायांसाठी होत्या, पण सोसायटीच्या गच्चीवर कोळसा पेटवण्याआधी शेजाऱ्यांशी आणि कमिटीशी बोलून घ्या. बंदिस्त बाल्कनीत कोळसा कधीच नको, कार्बन मोनॉक्साइड डोळ्यांना दिसत नाही. गॅसचा तंदूरही उघड्यावरच ठेवा.

आकाराबाबत दोन्हीकडे एकच अट: गादी धरलेला हात कोपरापर्यंत सहज आत जाईल एवढं तोंड रुंद हवं. फार छोट्या तंदुरात सळईवरचे खालचे तुकडे थेट आगीत लोंबतात आणि वरचे कच्चे राहतात.