तीसपट की वर्षावार तक्ता? निवृत्तीच्या रकमेचे दोन हिशेब

पेन्शन नसलेल्या नोकरीत बावन्न वर्षांचा झाला, की माणूस कागद-पेन घेऊन बसतोच. मीही दापोलीतल्या घराच्या पडवीत बसलो. अठ्ठावन्नाव्या वर्षी थांबायचं आणि नव्वदीपर्यंत पुरायला हवं, म्हणजे बत्तीस वर्षं. हे काढायच्या दोन रीती आहेत. एक म्हणजे वर्षाच्या खर्चाची पंचवीस किंवा तीसपट. दुसरी म्हणजे एक्सेलमध्ये वर्षावार तक्ता, ज्यात महागाई आणि परतावा दोन्ही घालायचे. मी दोन्ही करून पाहिल्या.

आधी दोघींना सारख्याच लागणाऱ्या आकड्याबद्दल, कारण माझी पहिली चूक तिथेच झाली. ऑक्टोबर ते डिसेंबर खर्च लिहिला आणि महिन्याला 40 हजार धरले. हे तीन महिने आपल्याकडे स्वस्त असतात. मे महिन्यात भरायची आगोट त्यात नव्हती, गौरी-गणपतीत मुंबईहून येणारं घरभर माणूस नव्हतं, कौलांची शाकारणी नव्हती आणि आरोग्य विम्याचा हप्ताही नव्हता. पूर्ण वर्ष वही ठेवली तेव्हा हे सगळं मिळून आणखी 1 लाख 20 हजार निघाले. वर्षाचा खर्च 4.8 नाही, 6 लाख.

सहा वर्षांनी त्याचे किती होतील? महागाई मी 6 टक्के धरली. रिझर्व्ह बँकेचं लक्ष्य 4 टक्के, दोन वर-खाली, म्हणजे मी वरची कड घेतली. 6 लाखांचे साधारण 8 लाख 51 हजार होतात. हा निवृत्तीच्या पहिल्या वर्षाचा खर्च. वहीत न आलेले ते सव्वा लाखाच्या आतले पैसे तीसपटीच्या हिशेबात शेवटी 51 लाखांचा फरक पाडतात. त्यामुळे रीत कोणतीही घ्या, वही वर्षभराची हवी.

आता तक्ता. डोंबिवलीचा माझा चुलत भाऊ, आम्ही त्याला दादाच म्हणतो, त्याने तो पाठवला. लांबलचक तक्त्याचं सार एका ओळीत येतं:

```
=PV(1.08/1.06-1, 32, -851000, 0, 1)
```

8 टक्के परतावा, 6 टक्के महागाई, 32 वर्षं, पैसे वर्षाच्या सुरुवातीला काढायचे. उत्तर 2 कोटी 7 लाख. शेवटच्या वर्षी शिल्लक बरोबर शून्य. पाहायला फार सुबक दिसतं.

त्रास इथूनच सुरू झाला. परतावा 7 केला तर 2 कोटी 36 लाख. 9 केला तर 1 कोटी 83 लाख. 6, म्हणजे महागाईइतकाच, केला तर 2 कोटी 72 लाख. एका टक्क्याने पंचवीस-पस्तीस लाख हलतात आणि तो टक्का पुढची बत्तीस वर्षं काय असेल हे कुणालाच ठाऊक नाही. एवढंच असतं तरी चाललं असतं. पण माझ्याकडून साठणार होते साधारण 1 कोटी 90 लाख. दोन-तीन रात्री बसून मी परताव्याच्या खान्यात 8.7 घातलं आणि तक्ता जुळला. तेव्हा आनंद झाला, सकाळी लाज वाटली. मी गरजेची रक्कम काढत नव्हतो, असलेली रक्कम पुरेल असं तक्त्याकडून वदवून घेत होतो. माझ्यापुरता निकाल तिथेच लागला.

पटीच्या रीतीत असं बोट घालायला जागा कमी. तिथे ठरवायचं ते एवढंच की पहिल्या वर्षी रकमेच्या किती टक्के काढायचे. प्रसिद्ध 4 टक्के, म्हणजे पंचवीसपट, हे विल्यम बेंगेन यांनी 1994 मध्ये अमेरिकेतल्या शेअर आणि रोख्यांच्या इतिहासावरून, तीस वर्षांच्या मुदतीसाठी मांडलं. त्यात 4 टक्के फक्त पहिल्या वर्षी. पुढे दरवर्षी शिल्लक पाहून टक्केवारी काढायची नाही, आदल्या वर्षीची रक्कम महागाईने वाढवायची. हे पुष्कळांच्या नजरेतून निसटतं. ती महागाई तिथली, बाजारही तिथला, म्हणून आपल्याकडे मला 4 थोडं सैल वाटतं. मी तीसपट घेतली, म्हणजे 3.33 टक्के. 8.51 लाख गुणिले 30, साधारण 2 कोटी 55 लाख.

तीसच का, याला मी एक घरगुती कसोटी लावली. परतावा महागाईइतकाच मिळाला, वर काही नाही, तर तीसपट रक्कम बरोबर तीस वर्षं पुरते. म्हणजे अगदी रडतखडत चाललं तरी मी अठ्ठ्याऐंशीपर्यंत जातो. हे मला एक्सेल न उघडता समजतं.

दुसरी गोष्ट तक्त्यात दिसतच नाही, कारण त्यात दरवर्षी तोच परतावा येतो. समजा निम्मे पैसे शेअरमध्ये आहेत आणि पहिल्याच वर्षी बाजार 30 टक्के पडला, म्हणजे एकूण रक्कम 15 टक्के घटली. 2 कोटी 7 लाखांतून पहिल्या वर्षाचे पैसे काढून उरतात 1 कोटी 69 लाख. दुसऱ्या वर्षी लागणार 9 लाख, म्हणजे उरलेल्याच्या 5.3 टक्के. अजून एकतीस वर्षं बाकी आहेत आणि हा दर टिकणारा नाही. तीसपटीत तोच फटका बसला तर दर 4.3 वर जातो. सुखाचा नाही, पण श्वास घेता येतो. पडझड पंधराव्या वर्षी आली तर एवढं बिघडत नाही, सुरुवातीची वर्षंच नाजूक.

तक्त्याच्या बाजूनेही बोललं पाहिजे. बायकोची नोकरी तुमच्यानंतर पाच वर्षं चालणार असेल, पासष्टीनंतर कुठली पेन्शन सुरू होणार असेल, किंवा शिल्लक शून्य न करता मुलांसाठी ठेवायची असेल, तर पट आंधळी आहे. तिथे तक्ताच घ्यावा. फक्त परताव्याचं खानं आधी भरून टाकावं आणि नंतर त्याला हात लावू नये. जमलं तर खानं दुसऱ्या कुणाला भरायला द्यावं.

एक गोष्ट मात्र दोन्ही रीतींत बसत नाही. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा अर्ध्या घराची कौलं उडाली, वासे मोडले, मागची सुपारी आडवी झाली. छपरालाच पावणेतीन लाख गेले. असला खर्च वर्षांत वाटून महिन्याच्या आकड्यात मिसळला तर तो हरवतो, आणि न धरला तर मूळ रकमेतून नेमक्या वाईट वर्षी काढावा लागतो. म्हणून घर आणि अचानकच्या आजारपणासाठी मी 10 लाख तीसपटीच्या बाहेर ठेवलेत. कलमांचं उत्पन्न मात्र शून्य धरलंय. कराराने दिलेली बाग एका वर्षी पैसे देते, दुसऱ्या वर्षी मोहोर जळतो, त्यावर माझं किराणा सामान अवलंबून नको.

1 कोटी 90 लाखांपासून तीसपटीपर्यंतचं अंतर मोठं आहे, त्यामुळे मी आता साठीपर्यंत नोकरी करायचं म्हणतोय. दादा तक्त्यावरच आहे. मागच्या आठवड्यात फोनवर म्हणाला, "अरे, माझं जुळलं की!" परतावा किती धरलास विचारलं, तर साडेनऊ.