सालसा शिकायला सुरुवात करताना कोणते बूट घ्यावेत: स्वेडचा तळ, डान्स स्नीकर की घरातले स्पोर्ट्स शूज?

कथक किंवा भरतनाट्यम शिकणाऱ्याला बुटांचा विचार करावा लागत नाही. सालसा, बचाता किंवा बॉलरूमच्या वर्गात नाव घालणाऱ्या प्रौढ विद्यार्थ्याला मात्र तो पहिल्या काही आठवड्यांतच करावा लागतो. त्याच्यासमोर साधारण तीन पर्याय असतात. घरातले स्पोर्ट्स शूज वापरत राहावेत, नाचासाठी बनवलेले स्नीकर घ्यावेत, किंवा स्वेडचा तळ असलेले खास नाचाचे बूट घ्यावेत. दुकानात या तिन्हींची तुलना दिसण्यावरून आणि किमतीवरून होते. खरे पाहता निर्णय दोन गोष्टींवर ठरायला हवा: आपण ज्या जमिनीवर नाचणार आहोत त्या जमिनीशी तळाचे कसे जमते, आणि बूट घोट्याला किती स्थिर ठेवतो.

पहिला मुद्दा पकडीचा. सालसामध्ये गिरकी घेताना शरीराचा भार चवड्यावर येतो, टाच जमिनीपासून जेमतेम सुटते आणि चवडा जमिनीवरच फिरतो. त्यामुळे तळाने एकाच वेळी दोन परस्परविरोधी कामे करायची असतात. पाऊल टाकताना त्याने घसरू नये आणि गिरकी घेताना त्याने अडू नये. स्पोर्ट्स शूजचा रबरी, खाचा असलेला तळ पहिले काम उत्तम करतो, कारण धावताना पाय मागे सरकू नये यासाठीच तो बनवलेला असतो. दुसरे काम त्याला जमत नाही. पाऊल जमिनीला चिकटून राहते, वरचे शरीर फिरते आणि मधला सगळा पीळ गुडघ्यावर येतो. गुडघा प्रामुख्याने वाकण्यासाठी आणि सरळ होण्यासाठी घडलेला सांधा आहे, पीळ सोसण्याची त्याची क्षमता मर्यादित आहे. वर्गानंतर गुडघ्याच्या आतल्या बाजूला ठणकत असेल, तर वयाला दोष देण्यापूर्वी तळ पाहावा. पहिल्या दोन-तीन वर्गांत केवळ मूळ पावले शिकवली जातात, तोवर हे शूज चालतात. गिरक्या सुरू झाल्या की ते बाजूला ठेवावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

स्वेडचा तळ या दोन कामांचा मेळ कसा घालतो, हे समजून घेण्यासारखे आहे. चामड्याची आतली, लव असलेली बाजू येथे जमिनीकडे असते. ही बारीक उभी लव पाऊल टाकताना जमिनीला धरते, आणि चवड्यावर पीळ दिला की दबून पाऊल फिरू देते. लव जोवर उभी आहे तोवर हा गुण टिकतो. जमिनीवरची धूळ, पॉलिशचा अंश आणि घामाचा ओलावा लवेत बसत गेला की ती आडवी होते, तळ काळपट व गुळगुळीत होऊन चकाकू लागतो आणि बूट अचानक घसरू लागतो. नवखा विद्यार्थी अशा वेळी आपले पाऊल चुकते आहे असे समजतो. अंगठ्याचे बोट तळावर फिरवून पाहिल्यास खरे कारण लगेच कळते. मखमलीसारखा खरखरीत स्पर्श लागला तर तळ ठीक आहे, आणि जुन्या पाकिटासारखा गुळगुळीत लागला तर तारेच्या ब्रशने लव पुन्हा उभी करायला हवी. ब्रश हलक्या हाताने आणि एकाच दिशेने फिरवावा. जोरात घासल्यास लव उभी राहण्याऐवजी झडते आणि तळ पातळ होत जातो.

परंतु स्वेडही प्रत्येक जमिनीवर सारखा वागत नाही, आणि मुंबईत हाच मुद्दा निर्णायक ठरतो. लाकडी जमीन हे स्वेडचे खरे घर आहे. तशी जमीन असलेले स्टुडिओ शहरात आहेत, पण बरेच वर्ग सोसायटीच्या हॉलमध्ये, शाळेच्या सभागृहात किंवा व्यायामशाळेच्या एका मजल्यावर भरतात. तेथे खाली चकचकीत विट्रिफाइड टाइल्स असतात, विनाइलचे आच्छादन असते किंवा जुनी कोटा लादी असते. टाइल्सवर बारीक धूळ साचलेली असेल तर स्वेड अपेक्षेपेक्षा अधिक घसरतो, आणि नवख्या माणसाला ते भीतिदायक वाटते. विनाइलवर तो थोडा धरून ठेवतो, पण गिरकी जमते. खडबडीत कोटा लादीवर लव फार लवकर झिजते, त्यामुळे तेथे महागडे स्वेडचे बूट वापरणे व्यर्थ आहे. म्हणून खरेदीपूर्वी वर्गाच्या जमिनीवर मोजे घालून उभे राहावे आणि चवडा हळूच फिरवून पाहावा. मोज्यांनीच पाय निसटत असेल, तर तेथे स्वेडचा तळही बऱ्यापैकी निसटणार हे गृहीत धरावे. टाइल्स घसरत्या असतील तर काही नर्तक ओलसर फडक्यावर चवडा टेकवून पकड तात्पुरती वाढवतात. टाल्कम पावडर मात्र कोणीही जमिनीवर टाकू नये, कारण ती एकाची सोय करते आणि बाकीच्या सगळ्यांना घसरवते.

डान्स स्नीकरचा तळ वेगळ्या युक्तीवर चालतो. तो सहसा दोन तुकड्यांत असतो, मधली कमान मोकळी राहते आणि चवड्याखाली एक गुळगुळीत, गोलसर भाग असतो, ज्यावर गिरकी घेता येते. त्याची गादी जाड असल्याने टाइल्स आणि लादीसारख्या कठीण जमिनीवर टाचेला व पोटरीला बसणारे हादरे कमी होतात, आणि तळ स्वेडसारखा पाण्याला घाबरत नाही. याची दुसरी बाजू अशी की तळ जाड असल्यामुळे जमीन पायाला नीट कळत नाही, आणि तुकड्यांमधली कमान वाकत असल्याने सपाट तळपाय असलेल्या माणसाला पुरेसा आधार मिळत नाही. तरीही झुंबा किंवा हिप-हॉपचा वर्गही सोबत करणाऱ्यासाठी हाच जोड अधिक उपयोगाचा आहे.

आता घोट्याचा आधार. याविषयी सर्वांत अधिक गैरसमज आहेत. घोटा झाकणारा उंच बूट म्हणजे भक्कम आधार, असे बहुतेकांना वाटते. प्रत्यक्षात घोट्याला आधार मिळतो तो बुटाच्या खालच्या भागातून. टाचेमागची कड ताठ असावी, कमानीखालची पट्टी वाकणारी नसावी, टाचेचा बूड रुंद असावा आणि पट्टा पायाला घट्ट धरून ठेवणारा असावा. घोट्याच्या सांध्यातले हाड पुढच्या बाजूला रुंद आणि मागच्या बाजूला अरुंद असते. पाऊल सपाट असताना रुंद भाग वरच्या हाडांच्या खोबणीत घट्ट बसतो. टाच जितकी उंच होते तितका अरुंद भाग खोबणीत येतो आणि सांधा सैल होतो, म्हणून उंच टाचेवर पाय मुरगळण्याचा धोका वाढतो. स्त्रियांच्या लॅटिन बुटांत 2 ते 3 इंच टाच नेहमी दिसते. नवख्या स्त्रीने मात्र 1.5 इंचापासून सुरुवात करावी, आणि टाच निमुळती न घेता खाली पसरत जाणारी किंवा ठोकळ्यासारखी घ्यावी. पुरुषांसाठी 1 इंचाच्या आसपासची रुंद टाच आणि लेसचा बूट पुरेसा असतो.

दुकानात हे तपासायला दोन मिनिटे लागतात. टाचेमागची कड अंगठा आणि तर्जनीत धरून दाबावी, ती सहज चेपली तर बूट परत ठेवावा. मग बुटाचे टोक आणि टाच दोन्ही हातांत धरून वाकवावा. तो चवड्यापाशी वाकला पाहिजे, कमानीपाशी नाही. (दोन तुकड्यांच्या स्नीकरला ही दुसरी कसोटी लागू नाही.) बूट शक्यतो संध्याकाळी घालून पाहावा, कारण दिवसभर उभे राहून पाय थोडा सुजलेला असतो आणि वर्गही बहुधा संध्याकाळीच असतो. माप नेहमीच्या चपलेपेक्षा किंचित घट्ट चालते, कारण चामडे वापराने सैल होते, पण बोटे दुमडली जाता कामा नयेत. पट्टा बांधून एका पायाच्या चवड्यावर उभे राहिल्यास टाच बुटातून वर सरकत असेल, तर पट्टा कितीही आवळला तरी घोटा स्थिर राहणार नाही.

हे सगळे एका उदाहरणात मांडून पाहू. समजा, डोंबिवलीहून लोकलने येणारी एक 44 वर्षांची स्त्री दादरच्या एका हॉलमध्ये आठवड्यातून दोनदा सालसा शिकते. हॉलमध्ये विट्रिफाइड टाइल्स आहेत, आणि काही वर्षांपूर्वी तिचा उजवा घोटा मुरगळलेला आहे. तिच्यासाठी मी उंच टाचेचे सँडल ताबडतोब बाद करीन. स्पोर्ट्स शूज तिला गिरक्यांमध्ये अडवतील. उरलेल्या दोहोंत, पहिल्या तीन-चार महिन्यांसाठी डान्स स्नीकर मला अधिक योग्य वाटतात, कारण कठीण जमिनीचा हादरा ते सोसतात आणि सपाट टाचेवर घोटा खोबणीत घट्ट राहतो. मात्र तिने टाचेमागची ताठ कड असलेलाच जोड निवडावा. त्यानंतर एका पायावर सलग गिरकी घेताना घोटा डगमगत नसेल, तर 1.5 इंची पसरट टाच आणि घोट्याभोवती पट्टा असलेले स्वेडचे बूट घ्यावेत, आणि सुरुवातीला ते वर्गाच्या अखेरच्या पंधरा-वीस मिनिटांतच घालावेत. तिचा वर्ग लाकडी जमिनीवर असता आणि घोट्याला पूर्वी दुखापत नसती, तर स्नीकरवर खर्च न करता थेट स्वेडचेच बूट घ्यावेत, असा सल्ला मी दिला असता.

स्वेड घेतल्यावर एक नियम कधीही मोडू नये: ते बूट घालून रस्त्यावर पाऊल टाकू नये. जून ते सप्टेंबर या काळात तर वर्गाच्या दारापर्यंतही नाही, कारण भिजलेली लव गठ्ठ्यासारखी चिकटते आणि वाळल्यावर कडक होते. बूट कापडी पिशवीत घालून न्यावेत आणि हॉलमध्येच बदलावेत. घरी आल्यावर पिशवीतून काढून पंख्याखाली ठेवावेत. प्लास्टिकच्या पिशवीत राहिलेला घामाचा ओलावा मुंबईच्या दमट हवेत दोन दिवसांत बुरशी आणतो. चुकून तळ भिजलाच तर उन्हात किंवा हेअर ड्रायरने वाळवू नये. सावलीत पूर्ण सुकू द्यावा आणि मगच ब्रश फिरवावा. टाचेच्या टोकावरची प्लास्टिकची टोपी दर महिन्याला पाहावी. ती झिजली की आतला खिळा टाइल्सवर घसरतो आणि लाकडावर ओरखडे उठवतो. तळाचा स्वेड झिजून पातळ झाला आणि वरचा भाग चांगला असला तर बूट टाकण्याची गरज नाही. नवा स्वेड चिकटवून देणारा अनुभवी कारागीर शोधावा, आणि त्याला जुना तळ पूर्ण काढूनच नवा लावायला सांगावे, कारण जुन्यावरच नवा थर चढवल्यास चवड्यापाशी जाडी वाढते आणि गिरकीत तोल बिघडतो.