निवृत्तीची तजवीज: सत्ताविशीत आणि पंचावन्नाव्या वर्षी

शेअर बाजार ३० टक्के पडला, तर तुमची किती महिन्यांची बचत बुडते? शेअर किती ठेवायचे हे ठरवताना मी आधी हा हिशोब मांडतो.

सत्तावीस वर्षांची एक नोकरदार घ्या. जमा २ लाख, दरमहा भरणा ५,०००. सगळे पैसे शेअरमध्ये असले तरी नुकसान ६०,०००, म्हणजे वर्षभराचा भरणा. शिवाय पुढची तीसेक वर्षं ती खरेदीच करणार आहे, त्यामुळे पडलेले भाव तिच्या पथ्यावरच पडतात. आता पंचावन्न वर्षांचा एकजण. जमा ४० लाख, भरणा २०,०००. त्याचं नुकसान १२ लाख, म्हणजे पाच वर्षांचा भरणा, आणि निवृत्तीलाही पाचच वर्षं उरलेली.

तिच्या वयात कुठला फंड चांगला यावर तासन्‌तास खल चालतो. पण २ लाखांवर २ टक्के जादा परतावा मिळाला तरी वर्षाला ४,००० सुटतात. भरणा महिन्याला ५०० ने वाढवला तर ६,०००. तेव्हा पगार वाढला की भरणा वाढवायचा, एवढं पुरे. खरा धोका नोकरी बदलताना असतो. साठलेली रक्कम छोटी वाटते आणि काढून खर्च होते. तेच २ लाख महागाईपेक्षा ४ टक्के जास्त दराने वाढत राहिले, तर साठीला आजच्या किमतीत सुमारे ७.३ लाख होतात. अडीअडचणीला चार-सहा महिन्यांचा खर्च वेगळा बाजूला असेल, तर त्यांना हात लावायची वेळ सहसा येत नाही.

त्याच्या बाबतीत प्रश्न पडझड कधी होते याचा आहे. समजा, तो ४० लाखांवर निवृत्त झाला आणि वर्षाला १.६ लाख काढू लागला. म्हणजे ४ टक्के. पहिल्याच वर्षी ३० टक्के पडझड झाली, तर रक्कम काढल्यावर २६.४ लाख उरतात. तेवढाच खर्च आता ६ टक्क्यांवर जातो. पुढे बाजार सावरला तरी स्वस्तात विकलेले शेअर परत येत नाहीत. हीच पडझड पंधरा वर्षांनी आली असती, तर एवढी बाधली नसती.

म्हणून निवृत्तीआधीच पाच वर्षांचा खर्च, इथे ८ लाख, मुदत ठेवी किंवा अल्पमुदतीच्या रोख्यांत हलवावा. बाजार पडला की त्यातून खर्च भागवायचा. दोन वर्षं उशिरा निवृत्त होणं हा त्याहून जालीम उपाय, पण तब्येत आणि मालक दोघांनी साथ दिली तर.

मात्र सगळेच शेअर विकणं मला पटत नाही. महागाई ६ टक्के धरली तर बारा वर्षांत पैशाची किंमत निम्मी होते, आणि साठीनंतर अजून पंचवीस-तीस वर्षं काढायची असू शकतात. आणि बचत कमी पडली म्हणून पंचावन्नाव्या वर्षी जोखीम वाढवणं तर त्याहून वाईट. तिथे खर्च कमी करा, नाहीतर तारीख पुढे ढकला.